गाठ खोटी का दिसते? : उघड्या गळ्याच्या फोटोवर चढवलेल्या टायविषयी

मागच्या दोन व्याख्यानांत आपण रंगवलेल्या फोटोंविषयी बोललो. आज एकच छोटी गोष्ट घेणार आहोत. गळ्याचं बटण उघडं असलेल्या शर्टातल्या माणसाच्या फोटोवर नंतर चढवलेला टाय. तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी किंवा नातेवाइकांकडे असा एक तरी फोटो भिंतीवर असेल. हार घातलेला, चौकटीतला, वडिलांचा किंवा आजोबांचा. चेहरा ओळखीचा असतो, पण गळ्याखाली काहीतरी बिनसलेलं असतं. काय बिनसलंय ते चटकन सांगता येत नाही. आज तेच सांगता यावं, एवढाच हेतू आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. टाय चढवण्याची हौस संगणकाबरोबर आलेली नाही. आपल्याकडच्या स्टुडिओत खुंटीला एक कोट आणि बांधून ठेवलेला टाय लटकत असायचा. गिऱ्हाईक यायचं, तो अंगावर चढवायचं, फोटो निघायचा. क्रिस्टोफर पिनी यांनी मध्य प्रदेशातल्या नागदा गावच्या स्टुडिओंचा अभ्यास केला. 1997 च्या आपल्या पुस्तकात ते दाखवतात, की तिथल्या लोकांना फोटोत जसे आहोत तसं दिसण्यापेक्षा जसं दिसावंसं वाटतं तसं दिसणं जास्त महत्त्वाचं होतं. महाराष्ट्रात टायला आणखी एक अर्थ आहे. बाबासाहेब आंबेडकरांचा निळा सूट आणि लाल टाय आपण चौकाचौकात पाहतो. तिथे तो टाय साहेबी थाटाचा नाही, शिक्षणाचा आणि ताठ मानेचा आहे. तेव्हा कुणी मुलगा म्हणाला, ‘बाबांना टाय घाला’, तर त्याला हसण्याचं आम्हाला काही कारण दिसत नाही. आमची तक्रार मागणीविषयी नाहीच. ती मागणी कशी पुरवली जाते, त्याविषयी आहे.

खुंटीवरच्या टायमध्ये एक गुण होता. तो खरोखर गळ्यात असायचा. त्याच उजेडात, त्याच कॉलरखाली. आजचा टाय तयार चित्र म्हणून येतो, मागची बाजू पारदर्शक असलेल्या PNG फाइलमध्ये. स्टुडिओवाला तो उचलतो, हनुवटीखाली ठेवतो, लहान-मोठा करतो, की काम झालं. आणि इथेच पहिली, सगळ्यात मोठी चूक होते. टाय बसवण्याआधी कॉलर बंद करावी लागते, हेच कुणी करत नाही.

कॉलर म्हणजे दोन कापडं

शिंप्याला विचारा. शर्टाची कॉलर दोन भागांची असते. एक उभी पट्टी, जिला शिंपी बँड म्हणतात, ती मानेभोवती उभी राहते आणि तिच्यावर गळ्याचं बटण असतं. दुसरं म्हणजे त्या पट्टीवरून बाहेर उलटून खाली पडणारं, टोकं असलेलं पान. टाय या दोघांच्या मधून जातो. पट्टीच्या बाहेरून आणि पानाच्या आतून. म्हणजे समोरून पाहताना टायची फक्त गाठ आणि तिच्याखालचा पट्टा दिसतो, मानेभोवतीचा भाग पानाखाली झाकलेला असतो. पान टायच्या जाडीवर बसतं, म्हणून ते शर्टावर सपाट चिकटत नाही, जरा उचललेलं राहतं आणि त्याच्या कडेखाली बारीक सावली पडते.

आता गळ्याचं बटण सोडा. काय होतं? पट्टीची दोन टोकं फाकतात. त्यांच्याबरोबर दोन्ही पानं बाहेर कलंडतात. पानाची पुढची कड, जी बंद कॉलरीत बरीच उभी असते, ती आडवी होऊ लागते. मधे कातडीचा एक त्रिकोण उघडा पडतो, आणि बऱ्याचदा पट्टीची आतली बाजूही दिसते.

या उघड्या कॉलरीवर तयार टाय ठेवला, तर गाठ कातडीवर तरंगते. तिच्या दोन्ही बाजूंना गळा दिसत राहतो. प्रत्यक्षात असं कधी होत नाही, कारण गाठ आवळायची म्हणजे पट्टीची दोन टोकं एकमेकांना भेटायलाच हवीत. काही स्टुडिओ हा त्रिकोण झाकण्यासाठी गाठ फुगवतात. मग गाठ मुठीएवढी होते. दुसरे गाठ वर सरकवतात, आणि ती थेट कंठमण्यावर येऊन बसते. माणसाचा गळा आवळल्यासारखा वाटतो. तिसरे कातडीवर शर्टाचा पांढरा रंग फासतात. यातलं काहीही केलं, तरी पाहणाऱ्याच्या डोळ्याला ते कळतं. त्याला शब्द सापडत नाहीत, इतकंच.

एक उदाहरण, मापांसकट

एक फोटो कल्पनेत घेऊ. साधारण 1985 सालचा, 4 बाय 6 इंचाचा रंगीत प्रिंट. पांढरा शर्ट, वरचं एक बटण उघडं, छातीपर्यंतचा फोटो, माणूस समोर बघतोय. तो आपण 300 डीपीआयला स्कॅन केला आहे. टाय केवढा हवा?

इथे अंदाज करायची गरज नाही. मोजपट्टी फोटोतच आहे. शर्टाचं नेहमीचं बटण साधारण 11 मिलिमीटरचं असतं, आणि ते टाय जिथे लोंबणार त्याच अंतरावर आहे. समजा बटण फोटोत 33 पिक्सेल रुंद भरलं. म्हणजे एका मिलिमीटरला 3 पिक्सेल. साध्या गाठीची वरची रुंदी 4 सेंटिमीटरच्या आसपास असते, म्हणजे आपल्या फोटोत सुमारे 120 पिक्सेल. गाठीतून बाहेर पडताना टायचा पट्टा साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास असतो आणि खाली हळूहळू रुंदावत जातो. पूर्ण रुंदी, म्हणजे 8-9 सेंटिमीटर, पार पोटापाशी येते. छातीपर्यंतच्या फोटोत, गाठीपासून वीत-सव्वा वीत खाली, तो 6 सेंटिमीटरच्या आसपास असायला हवा. म्हणजे फोटोच्या खालच्या कडेपाशी साधारण 180 पिक्सेल. अनेक तयार टाय इथे एकदम फळीसारखे रुंद होतात, कारण पूर्ण टायचं चित्र दाबून तेवढ्या जागेत बसवलेलं असतं. हे माप टाय ठेवण्याआधी घ्यायचं, कारण नंतर तीच बटणं टायखाली जाणार.

आता जागा. उघड्या गळ्याचा इथे फायदाच होतो. गळ्याच्या तळाशी, दोन हाडांच्या मधली खळी आपल्याला दिसते. बंद कॉलरीचं बटण या खळीच्या थोडं वर येतं. गाठ खळीला झाकते, आणि कंठमणी गाठीच्या वर, उघडा राहतो. खळी सापडली की गाठीची उंची ठरली.

मग कॉलर. दोन्ही पानं वेगवेगळ्या लेयरवर कापून घ्यायची. फिरवताना प्रत्येक पान मानेच्या बाजूला, कानाखाली जिथे ते मागे वळतं, त्या बिंदूभोवती फिरवायचं. मधोमध धरून फिरवलं तर मानेपाशी फट पडते. पानाचं टोक आत आणि किंचित खाली येतं, पुढची कड उभी होते. किती फिरवायचं? दोन्ही पानांच्या वरच्या कडा खळीच्या वर एकमेकींजवळ येईपर्यंत, आणि त्याच्या पलीकडे नाही. फोटोशॉपमधलं `Puppet Warp` यासाठी बरं पडतं. एक खूण मानेपाशी रोवायची, दुसरी टोकाला, आणि फक्त टोक हलवायचं. पान फिरलं की त्याच्या जुन्या जागी शर्टाचं न पाहिलेलं कापड उघडं पडतं. ते खांद्यावरच्या कापडातून भरावं लागतं. पांढऱ्या शर्टात हे सोपं आहे. चौकड्याच्या शर्टात रेघा जुळवताना संध्याकाळ होते, आणि न जुळलेली एक रेघ सगळं उघडं पाडते.

पान फिरवल्यावर मधे उरलेल्या त्रिकोणाचा वरचा भाग पट्टीने झाकायचा. ती पट्टी फोटोत नाही, ती आणावी लागते. आमचं मत असं, की ती तयार चित्रातून आणूच नये. घरातल्या कुणाला तरी साधारण तसाच पांढरा शर्ट घालायला लावा, खरा टाय बांधा, मूळ फोटोत उजेड ज्या बाजूने येतोय त्या बाजूला खिडकी ठेवा, कॅमेरा तेवढ्याच उंचीवर धरा आणि फोटो काढा. मग पट्टी, गाठ आणि त्यांच्या मधली सावली हे सगळं एक तुकडा म्हणून उचला. पानं मात्र मूळ फोटोतलीच ठेवा आणि ती वर आणा. कापड कापडाला जिथे टेकतं तिथली सावली हाताने रंगवणं सगळ्यात अवघड असतं. ती खऱ्या फोटोतून आयती मिळते. आणि त्या माणसाची स्वतःची कॉलर, तिची झिजलेली कड, जशीच्या तशी राहते.

गाठ वाचायची कशी

आता समीक्षेकडे येऊ. असा फोटो समोर आला तर काय पाहायचं?

पहिलं म्हणजे पट्टे. टायचं कापड तिरकं, साधारण 45 अंशांत कापलेलं असतं. ही पद्धत 1920 च्या दशकात न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फ यांनी रूढ केली. त्यामुळे टाय पिळवटत नाही आणि पट्टेरी टायवर पट्टे तिरके दिसतात. पण गाठीवर तेच कापड आडवं गुंडाळलेलं असतं. म्हणून गाठीवरचे पट्टे खालच्या पट्ट्यांपेक्षा वेगळ्या दिशेला, बहुधा उलट्या बाजूला कललेले दिसतात. गाठीवर आणि खाली एकाच दिशेचे, सलग पट्टे दिसले तर समजा, ती गाठ नाही. टायच्या आकारात कापलेलं छापील कापड आहे.

दुसरं, गाठीचा आकार. आपल्याकडे बहुतेक माणसं जी साधी गाठ बांधतात, ती थोडी वाकडी असते. एक बाजू दुसरीपेक्षा जास्त तिरकी. वर रुंद, खाली निमुळती. तयार चित्रांत जवळजवळ नेहमी जाहिरातीतली, काटेकोर समभुज गाठ असते, खाली बरोबर मधोमध एक खळगा. ती चुकीची नाही, तशीही गाठ असते. पण बाकी सगळं साधं असलेल्या माणसाच्या गळ्यात ती परक्याची वाटते. किंचित वाकडी गाठ जास्त खरी वाटते.

तिसरं, उजेड. नाकाची सावली कुठे पडलीय ते पाहा, मग गाठीकडे पाहा. गाठ फुगीर असते, म्हणजे तिची एक बाजू उजळ आणि दुसरी गडद असणारच. चेहऱ्यावर उजेड डावीकडून आणि गाठीवर उजवीकडून, हे इतक्या वेळा दिसतं की आम्ही आता मोजणं सोडलंय. काही जण हे ओळखतात आणि चित्र आरशासारखं उलटं करतात. टायपुरतं ते खपून जातं. पण सोबत कोट असला, तर कोटाचा वरचा खिसा उजव्या छातीवर जातो आणि बटणं बायकांच्या कोटासारखी लागतात.

चौथं, सावली. `Drop Shadow` नावाची सोय वरपासून खालपर्यंत सारख्याच जाडीची सावली देते, आणि टाय लगेच स्टिकर होतो. खरी सावली बदलत जाते. गाठीपाशी टाय शर्टाला टेकलेला असतो, तिथे ती बारीक आणि गडद. खाली टाय छातीपासून सुटतो, तिथे रुंद आणि फिकी. आणि ती फक्त उजेडाच्या विरुद्ध बाजूला पडते. पानाच्या कडेखालची ती बारीक सावली तर हवीच हवी. फोटोत एकच सावली घालायची परवानगी असेल, तर आम्ही ती तिथे घालू.

पाचवं, काळा रंग. जुने रंगीत प्रिंट उतरतात, पुष्कळदा त्यातला निळसर थर आधी विटतो आणि सगळ्यावर तांबूस छटा येते. त्या फोटोतला सगळ्यात गडद काळा, म्हणजे केसांचा, तोही आता तपकिरी झालेला असतो. अशा फोटोवर आजचा कुळकुळीत काळा किंवा स्वच्छ निळा टाय ठेवला, की तो कागदातून बाहेर आल्यासारखा दिसतो. नियम सोपा आहे. टायमधला सगळ्यात गडद भाग केसांमधल्या सगळ्यात गडद भागापेक्षा गडद असता कामा नये. तांबूस छटा टायवरही हवी. आणि चेहरा जेवढा मऊ, जेवढा दाणेदार, तेवढाच टाय. चेहऱ्याच्या कडा धूसर आणि टायचा धागान् धागा स्पष्ट, असं चालत नाही.

जिथे टाय बसतच नाही

प्रत्येक शर्टावर टाय बसत नाही. बुशशर्टाच्या किंवा सफारीच्या कॉलरीला बऱ्याचदा ती उभी पट्टी नसते. ती कॉलर छातीवर सपाट पडण्यासाठीच शिवलेली असते. तिला बंद करून गाठ बसवली, तर कितीही कौशल्य असलं तरी ते शिवणीच्या विरुद्ध जातं. तिथे कारागिराने सरळ नाही म्हणावं. दोन-तीन बटणं उघडी असतील, आतला बनियन दिसत असेल, तर छातीचा अर्धा शर्ट नव्याने रचावा लागतो. तो मग त्या माणसाचा फोटो फारसा उरत नाही. सत्तरच्या दशकातली लांब टोकांची कॉलर असेल, तर तिच्यात आजचा बारीक टाय घालू नये. त्या काळी टाय रुंद होते आणि गाठी जाड. बारीक टायने दोन्ही टोकं ओसाड पडल्यासारखी दिसतात.

ओळखपत्र, पासपोर्ट, परीक्षेचा अर्ज यांसाठीच्या फोटोत हा उद्योग करूच नये. तिथे फोटोचं काम ओळख पटवणं आहे, त्यात फेरफार म्हणजे अर्ज परत येण्याची पाळी. आज आपण बोलतोय ते भिंतीवरच्या फोटोविषयी.

आणि भिंतीवरच्या फोटोतही एक प्रश्न उरतो, जो आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्या उदाहरणातल्या फोटोकडे पुन्हा एकदा पाहा. समजा, उघड्या गळ्यात तुळशीची माळ दिसतेय. वारकरी माणूस, आयुष्यभर माळ गळ्यात. आता कॉलर बंद केली, पट्टी आणली, गाठ बसवली. वर सांगितलेली प्रत्येक गोष्ट नीट केली. सावली बरोबर, पट्टे बरोबर, काळा रंगही बरोबर. टाय इतका खरा झाला, की कुणाला शंका येणार नाही. आणि माळ गेली.

गंमत अशी, की वाईट चिकटवलेल्या टायने बहुधा माळ पूर्ण झाकली नसती. गाठीच्या दोन्ही बाजूंना चार मणी दिसत राहिले असते. म्हणजे काम जितकं चांगलं, तितकं ते जास्त पुसतं. वाईट कामात निदान पाहणाऱ्याला कळतं, की इथे काहीतरी चढवलंय, आणि खालचा माणूस वेगळा होता. चांगल्या कामात ती जाणीवही राहत नाही. पुढच्या पिढीला, जिने आजोबांना पाहिलंच नाही, तिच्यासाठी आजोबा टाय घालणारे आणि माळ न घालणारे होतात.

मग काय करायचं? आमच्या मते, दोन गोष्टी. एक, कॉलर बंद करण्याआधी त्या त्रिकोणात काय आहे ते नीट पाहायचं आणि घरच्यांना बोट ठेवून दाखवायचं. माळ, ताईत, साखळी, एखाद्या ऑपरेशनचा व्रण. ‘टाय घातला तर हे जाईल, चालेल का?’ हा प्रश्न कारागिरानेच विचारायला हवा, कारण घरच्यांच्या डोळ्यांसमोर त्या वेळी फक्त टाय असतो. माळ गळ्याशी घट्ट, कॉलरीच्या वर असेल, तर ती ठेवूनही टाय बसवता येतो. टाय घालणारे माळकरी असतातच. माळ खाली, खळीपाशी लोंबत असेल, तर ती गाठीखाली जाणार. मग दोहोंपैकी एक निवडावं लागतं, आणि ती निवड घरच्यांची असते, स्टुडिओची नाही. दोन, मूळ स्कॅन जपून ठेवायचा, आणि शक्य असेल तर मूळ प्रिंट त्याच चौकटीत, नव्या फोटोच्या मागे घालून द्यायचा. खर्च काहीच नाही. चौकट कधीतरी उघडली जाते, निदान काच फुटली की तरी.

एवढं लक्षात ठेवलंत, तर पुढच्या वेळी अशा फोटोसमोर उभं राहिल्यावर आधी कॉलरीच्या कडेखालची सावली शोधाल, मग गाठीवरचे पट्टे, मग केसांचा काळा. आणि हे सगळं बरोबर निघालं, तर घरच्यांना हळूच विचारा, की त्यांच्या गळ्यात काय असायचं.

आता प्रश्न घेऊ.